एकच समरी, दोन कंपन्या: किती बदल चालतो?

चाकणवाला: ॲल्युमिनियम डाय-कास्टिंगच्या क्वालिटीत 6 वर्षं आहे. दोन ठिकाणी अर्ज करतोय: इलेक्ट्रिक दुचाकीचं एक स्टार्टअप आणि ट्रक बनवणारी एक जुनी, मोठी कंपनी. रेझ्युमेच्या वरची समरी अशी आहे: ‘क्वालिटीत 6 वर्षांचा अनुभव. पीपीएपी, एट-डी, एसपीसी येतं. मोटर हाउसिंगचं लीक टेस्टमधलं रिजेक्शन 7 टक्क्यांवरून 2 वर आणलं. मेहनती, टीम प्लेअर.’ दोघांना हीच पाठवू की वेगळी?

सरळमार्गी: एकच पाठवा. माणूस एक, काम एक, मग ओळख दोन कशाला? लिंक्डइनवर एक आणि कागदावर दुसरं दिसलं की समोरच्याच्या मनात पाल चुकचुकते. आमच्या पॅनेलवर असे उमेदवार पहिल्या दहा मिनिटांत अडखळतात.

टूलरूम: पूर्ण असहमत. आकडे बदलले तर ती फसवणूक. त्याच कामाची कुठली बाजू आधी सांगायची हे ठरवणं ही फसवणूक नाही. चाकणवाले, आधी सांगा, ते 7 चं 2 नेमकं कसं झालं?

चाकणवाला: गळके भाग कापून पाहिले. छिद्रं गोल आणि आतून गुळगुळीत होती, म्हणजे श्रिंकेज नाही, अडकलेली हवा. डाय शॉपला बसून एअर व्हेंट वाढवले, शॉटचा वेग बदलायचा पॉइंट पुढेमागे करून पाहिला. ग्राहकाला आधी कळवलं, मंजुरी आल्यावरच बदल चालू केला. तीन महिने गेले.

टूलरूम: हेच समरीत नाही! ‘मेहनती, टीम प्लेअर’ काढा, जागा होईल.

स्टार्टअपला असं द्या: ‘मोटर हाउसिंगच्या गळतीचं कारण भाग कापून शोधलं, डाय शॉपसोबत व्हेंट बदलले, तीन महिन्यांत रिजेक्शन 7 वरून 2 टक्के.’ तिथे बहुतेकदा वेगळं डाय शॉप, वेगळी लॅब नसते. कारण स्वतः शोधून बदल लाइनवर नेणारा माणूस त्यांना हवा असतो.

मोठ्या कंपनीला: ‘आयएटीएफ 16949 प्रमाणित कारखान्यात 6 वर्षं. हाउसिंगचं रिजेक्शन 7 वरून 2 टक्के. डायमधला बदल ग्राहकाच्या मंजुरीने, पीएफएमईए आणि कंट्रोल प्लॅन सुधारून.’ शेवटचे दोन कागद खरंच सुधारले असतील तरच लिहा. तिथला क्वालिटी हेड ‘व्हेंट बदलले’ एवढंच वाचून आधी विचारेल, कोणाला विचारून? टूलिंगमधला बदल ग्राहकाला न कळवता करणं म्हणजे त्याच्या दृष्टीने रिजेक्शनपेक्षा मोठा गुन्हा.

पोर्टलपंडित: एवढं कोण वाचतं? मोठ्या कंपनीत एचआर पोर्टलवर ‘PPAP’, ‘8D’ टाकून शोधतं. शब्द असले की नाव वर येतं, बाकी सगळं वाया.

टूलरूम: शोधात नाव यायला शब्द लागतात, हे बरोबर. पण त्यानंतर फाइल विभागाच्या मॅनेजरकडे जाते, आणि त्याच्यासमोर प्रत्येक उमेदवाराचं पीपीएपी लिहिलेलंच असतं. शिवाय पोर्टलवरची समरी एकच असते, ती दोघांनाही दिसते. तिथे दोन्ही बाजू थोडक्यात ठेवा, बदल फक्त जोडलेल्या पीडीएफमध्ये करा. सरळमार्गींची शंकाही मग उरत नाही.

नोटीसपिरियड: माझा अनुभव वेगळा. समरी मस्त होती, स्टार्टअपने पहिल्याच फोनवर विचारलं, कधी येणार? माझी नोटीस 90 दिवसांची. विषय तिथेच संपला. आता मी समरीच्या शेवटच्या ओळीतच लिहिते. जुन्या कंपनीने याबद्दल विचारलंसुद्धा नाही.

बॅटरीलाइन: मी स्टार्टअपमध्येच क्वालिटी बघते, म्हणून टूलरूम यांच्याशी निम्मीच सहमत. स्टार्टअपच्या समरीतून तुम्ही मंजुरीचा भाग गाळलात, ते मला पटत नाही. डिसेंबर 2022 पासून बॅटरीसाठी एआयएस-156 चे कडक नियम टप्प्याटप्प्याने लागू झाले आणि आमच्याकडे धावपळ उडाली. वेगाने काम करणारी पोरं भरपूर होती, कुठल्या पॅकमध्ये कुठला सेल गेला याची नोंद ठेवणारं कुणी नव्हतं. मला ‘ग्राहकाच्या मंजुरीने’ हे शब्द दिसले असते तर मी त्याच दिवशी फोन केला असता.

टूलरूम: तुमचं उत्पादन सुरू झालंय. ज्यांचा अजून प्रोटोटाइपच चाललाय, ते हेच वाचून म्हणतील, हा प्रत्येक सहीसाठी थांबणार.

बॅटरीलाइन: म्हणतीलही. मग अशा ठिकाणी डाय-कास्टिंगवाल्याने जावं का, हाही प्रश्नच आहे. डाय बनायला महिने लागतात, प्रोटोटाइपचं हाउसिंग बहुतेक मशीनिंग करूनच काढतात.

सरळमार्गी: पोर्टलवर एकच ठेवायची हे मान्य. तरी दोन पीडीएफ पाठवल्यावर मुलाखतीला कुठली घेऊन जायची, हे विसरू नका. आमच्याकडे दुसऱ्याच कंपनीच्या नावाची फाइल घेऊन आलेले पाहिलेत.

चाकणवाला: कंट्रोल प्लॅन मीच सुधारला होता, पीएफएमईए साहेबांनी. मग फक्त कंट्रोल प्लॅनच लिहितो. बॅटरीलाइन ताई, त्या स्टार्टअपच्या गाड्या रस्त्यावर आहेत, पण हाउसिंग ते बाहेरून घेतात. तिथे माझं डाय शॉपचं काम आधी लिहू की पुरवठादाराच्या बाजूने मंजुरी घेतल्याचं?