शब्दामागे १ रुपया २० पैसे, पण हातात ७२ पैसे: हा दर स्वीकारावा का?

मुक्ता_अनुवाद
मी गेली तीन वर्षे इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते, परंतु आतापर्यंत सगळी कामे ओळखीतून आलेली आणि पानांच्या हिशेबाने केलेली होती. एका लोकलायझेशन एजन्सीने आता एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा मदत-मजकूर मराठीत आणण्यासाठी विचारणा केली आहे. मजकूर १२,००० शब्दांचा असून दर शब्दामागे १ रुपया २० पैसे ठरला, म्हणून १४,४०० रुपये मिळतील असे मी धरून चालले होते. प्रत्यक्ष वर्क ऑर्डरवर मात्र ‘भारित शब्द ७,२५०’ असे लिहून रक्कम ८,७०० दाखवली आहे. पूर्वीच्या अनुवादांच्या साठ्याशी, म्हणजे मेमरीशी, वाक्य किती जुळते याला ते मॅच म्हणतात. सोबतच्या तक्त्यानुसार पुनरावृत्ती आणि शंभर टक्के मॅच असलेल्या ३,००० शब्दांना दराच्या १० टक्के, ९५ ते ९९ टक्के मॅचच्या १,५०० शब्दांना ३० टक्के, ७५ ते ९४ टक्के मॅचच्या २,५०० शब्दांना ६० टक्के आणि उरलेल्या ५,००० नव्या शब्दांना पूर्ण दर मिळणार आहे. ही फसवणूक आहे की या व्यवसायाची रीतच अशी आहे? आणि असा दर योग्य आहे की नाही, हे कशावरून ठरवावे?

बोरूबहाद्दर
ही सरळसरळ लूट आहे. प्रत्येक शब्द आपण वाचतो, तपासतो आणि त्याची जबाबदारी घेतो, तर सवलत कशासाठी द्यायची? माझा नियम असा की सवलतीचा तक्ता दिसला की नकार कळवायचा. शिवाय मोजणी नेहमी अनुवादित मजकुरातल्या शब्दांवर करून मागावी, कारण आपण लिहितो ते शब्द तेच असतात.

तळटीप
बोरूबहाद्दर यांच्या पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे, पण दुसरा मुद्दा मुक्ताताईंचे नुकसान करील. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच चिकटतात. ‘घरासमोरच्या झाडाखाली’ हे दोन शब्द इंग्रजीत लिहायला गेलात तर आठ होतात. सगळ्याच वाक्यांत इतकी तफावत नसते, तरी इंग्रजीतून मराठीत येताना शब्दसंख्या सहसा घटते. म्हणून या दिशेने काम करताना मूळ इंग्रजी मजकुरावरची मोजणीच आपल्या फायद्याची ठरते. मराठीतून इंग्रजीत जाताना मात्र मूळ मजकुरावर मोजणी असेल, तर दर त्या प्रमाणात चढा मागावा लागतो. ते प्रमाण स्वतःच काढावे: आपण पूर्वी केलेली चार-पाच पाने घेऊन दोन्ही बाजूंचे शब्द मोजले की आपल्या विषयापुरता आकडा हाती येतो.

आता तक्त्याविषयी. मॅचनुसार सवलत ही रूढ पद्धत आहे, तीत फसवणूक नाही. मात्र ती काम देताना नव्हे, तर दर ठरवतानाच सांगायला हवी होती. खरा प्रश्न असा की त्या त्या गटात आपला वेळ खरोखर तेवढा वाचतो का. नवा मजकूर ताशी ३०० शब्दांच्या गतीने धरला, तर ५,००० शब्दांना साधारण साडेसोळा तास लागतील. ७५ ते ९४ टक्क्यांच्या गटाला साडेपाच तास, ९५ ते ९९ टक्क्यांच्या गटाला दीड तास आणि शंभर टक्क्यांचे मॅच नुसते वाचायला दीड तास धरू. अखेरचे वाचन, शंकांची पत्रे आणि बिल यांचे पाच तास मिळवले की एकूण ३० तास होतात. म्हणजे ताशी २९० रुपये. आपला ताशी आकडा आधी मनाशी निश्चित असेल, तर शब्दामागचा दर पाहून गोंधळायला होत नाही. माझी गती म्हणजे तुमची गती नव्हे, तेव्हा घड्याळ लावून एक तास काम करून पाहा.

रात्रपाळी
मी ओटीटीसाठी सबटायटल करतो आणि आमच्याकडे शब्दांचा हिशेबच नसतो; चित्रफितीच्या मिनिटामागे पैसे मिळतात. एकदा ४५ मिनिटांचा एक भाग सरसकट मिनिटांच्या दराने घेतला आणि तो अखंड वादविवादाचा निघाला. एरवी ज्या कामाला दीड दिवस लागतो त्याला तीन दिवस लागले, वर वाक्ये दोन ओळींत बसवण्यासाठी निम्मा आशय कापावा लागला. तेव्हापासून दर सांगण्याआधी पाच मिनिटांचा तुकडा मागवतो. टायमिंग आपण करायचे की वेळा घातलेली फाइल येणार, हेही आधी विचारावे.

तळटीप
रात्रपाळी यांचा प्रश्न निराळा असला, तरी तुकडा आधी पाहण्याचा सल्ला इथेही लागू पडतो. मुक्ताताई, फाइल उघडून ९५ ते ९९ टक्क्यांच्या गटातील वीस सेगमेंट, म्हणजे वाक्याएवढे तुकडे, पाहा. सॉफ्टवेअरमध्ये ‘अहवाल जतन झाला’ हे वाक्य मेमरीत असते, नव्या वाक्यात इंग्रजीत केवळ एक नाम बदललेले असते आणि प्रणाली म्हणते की मजकूर जवळपास तोच आहे. मराठीत मात्र नामाबरोबर लिंग बदलते: फाइल जतन झाली, पान जतन झाले. वाक्य लांब असेल तर विशेषण, क्रियापद आणि पुढचे सर्वनाम, सगळेच हलते. इंग्रजीतल्या एका शब्दाच्या बदलाला मराठीत तीन दुरुस्त्या लागत असतील, तर ३० टक्के हा आकडा टिकत नाही. पत्रात पाच उदाहरणे देऊन या गटासाठी ६० टक्के मागा. नुसती तक्रार प्रोजेक्ट मॅनेजरला वर पाठवता येत नाही, उदाहरणे पाठवता येतात.

शंभर टक्क्यांच्या मॅचमध्येही सापळा आहे. ‘ओपन’ हा एकच शब्द बटणावर ‘उघडा’ होतो आणि न भरलेल्या बिलापुढे ‘प्रलंबित’. आजूबाजूची वाक्येही जुळत असतील तर विश्वास ठेवावा. नाहीतर एजन्सीने तो सेगमेंट एकतर पैसे देऊन तपासायला द्यावा, किंवा कुलूपबंद करून आपल्या जबाबदारीतून वगळावा.

शुद्धलेखिका
मी संपादन करते, म्हणून पलीकडच्या बाजूने एक भर घालते. अनुवादाच्या चतुर्थांश दराने तपासणीचे काम घेतले होते आणि तिसऱ्याच पानावर लक्षात आले की जुन्या मेमरीत एकाच संज्ञेसाठी चार मराठी शब्द आहेत. ती निस्तरायला नव्याने अनुवाद करण्याइतका वेळ गेला, आणि ‘तुमचा दर तपासणीचाच आहे’ असे उत्तर आले. मेमरी कोणी केली आणि संज्ञासूची आहे का, हे विचारल्याखेरीज सवलत मान्य करू नका. एजन्सी नवखी वाटत असेल तर प्रोझ या अनुवादकांच्या संकेतस्थळावरील ‘ब्लू बोर्ड’वर इतर अनुवादकांनी दिलेले अभिप्राय पाहावेत. मात्र तिथे पैसे वेळेवर मिळतात का एवढेच बहुधा कळते, कामाचा दर्जा नव्हे.

मुक्ता_अनुवाद
सर्वांचे आभार. मी लिंगबदलाची सहा उदाहरणे पाठवली. शंभर टक्क्यांचे ३,००० शब्द कुलूपबंद करून कामातून वगळायला आणि ९५ ते ९९ टक्क्यांच्या गटाला ६० टक्के द्यायला एजन्सी तयार झाली. तळचा दर मात्र १ रुपया २० पैसेच राहील. त्यामुळे भारित शब्द ७,४०० आणि रक्कम ८,८८० होते, तर तास साडेअठ्ठावीस राहतात. ताशी सुमारे ३१२ रुपये पडतात. पण काल घड्याळ लावून पाहिले, तेव्हा नव्या मजकुराची माझी गती ताशी २४० शब्दच निघाली.

बोरूबहाद्दर
मग नव्या मजकुराचेच जवळजवळ एकवीस तास झाले. मी अजूनही नकारच कळवीन. (लक्ष्य मजकुराच्या मोजणीबाबत माझे चुकले, हे मान्य, मी स्वतः मराठीतून इंग्रजीत काम करतो.)

तळटीप
ताशी २४० ही गती पहिल्या तासाची आहे. संज्ञा बसल्या की तिसऱ्या दिवशी ती वाढते, पण किती वाढेल हे मजकुरावर अवलंबून असते. पहिले १,००० शब्द स्वतंत्र हप्ता म्हणून याच दराने घेण्याची विनंती करून पाहा, आणि उरलेल्या कामाचा होकार त्यानंतर द्या.