मदत हवी आहे: एचएचआय ७३ ने जास्त येतोय, कुठे चुकतंय?

काठावर_पास

उद्या दुपारी बारापर्यंत असाइनमेंट द्यायचं आहे, म्हणून थेट विचारते. अमेरिकेतल्या एच अँड आर ब्लॉक आणि टॅक्सअ‍ॅक्ट या टॅक्स रिटर्नच्या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या विलीनीकरणाचा खटला आहे, २०११ चा. कोर्टाने ते होऊ दिलं नाही. निकालपत्रात एचएचआय, म्हणजे सगळ्या कंपन्यांच्या बाजारातल्या वाट्यांच्या वर्गांची बेरीज, विलीनीकरणाआधी ४२९१ आणि नंतर ४६९१ दिलाय. माझा आधीचा ४३६४ आणि नंतरचा ४७६४ येतोय. तीनदा केलं. सीआर४, म्हणजे पहिल्या चार कंपन्यांच्या वाट्यांची बेरीज, तर आधीही १०० आणि नंतरही १००, हे उघडच चुकलंय. सूत्र मला येतं, ते सांगू नका. चूक कुठे आहे तेवढं सांगा.

सरळमार्गी

एक्सेलमध्ये करताय का? टक्क्यांचा फॉरमॅट लावला की एक्सेल ६२.२% ला आतून ०.६२२ धरतं, मग उत्तर शून्य पॉइंट काहीतरी येतं. सेलमध्ये नुसता आकडा टाका आणि

```
=SUMSQ(B2:B5)
```

एवढं केलं की झालं. माझंही पहिल्यांदा असंच झालं होतं.

काठावर_पास

उत्तर ४३६४ येतंय असं लिहिलंय की वर. शून्य पॉइंट काही येत नाहीये.

दप्तरखाना

आकडे टाका ना. कुठल्या कंपनीचा किती वाटा धरलाय ते कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

एवढं मात्र आत्ताच दिसतंय. तुमचे दोन्ही आकडे ७३ नेच जास्त आहेत, आणि वाढ तुमच्याकडेही ४०० आणि निकालातही ४०० च आहे. वाढ फक्त एकत्र येणाऱ्या दोन कंपन्यांच्या वाट्यांवर ठरते, त्यामुळे त्या दोघींचे आकडे बरोबर असणार. जे आधी आणि नंतर तसंच राहतं त्यात कुठेतरी गडबड आहे.

काठावर_पास

इंट्युइट ६२.२, ब्लॉक १५.६, टॅक्सअ‍ॅक्ट १२.८, इतर ९.४. बेरीज १०० येते, तपासलीय.

दप्तरखाना

सापडलं. "इतर" नावाची कंपनी नसते! ९.४ चा वर्ग करून तुम्ही ८८ मिळवलेत. तो वाटा बऱ्याच लहान कंपन्यांमध्ये विभागलेला आहे, आणि वर्ग प्रत्येकीचा वेगळा करायचा असतो. निकालातल्या ४२९१ मधून तीन मोठ्यांचे वर्ग वजा करा. इंट्युइटचे ३८६९, ब्लॉकचे २४३, टॅक्सअ‍ॅक्टचे १६४, मिळून ४२७६. म्हणजे उरलेल्या सगळ्यांचे मिळून फक्त १५ धरले आहेत. तुम्ही धरले ८८. फरक ७३.

सीआर४ चंही तेच झालंय. चौथ्या क्रमांकावर तुम्ही "इतर"ला बसवलंत, मग १०० येणारच.

सरळमार्गी

मग "इतर"ची ओळ उडवूनच टाका. ४२७६ येतो, निकालापेक्षा जेमतेम १५ ने कमी. लहान कंपन्यांचे वर्ग क्षुल्लकच असतात. मी प्रोजेक्टमध्ये कायम असंच केलंय, कोणी काही बोललं नाही.

दप्तरखाना

इथे चाललं, कारण ९.४ च होते. "इतर" ३५ टक्के असतील आणि त्यात १५-१५ च्या दोन दडलेल्या असतील तर साडेचारशेचा फटका बसेल. उडवायची ती उडवा, पण मग हा किमान आकडा आहे असं लिहा. सगळे मिळून एकच कंपनी धरली तर येतो तो कमाल. खरा एचएचआय ४२७६ आणि ४३६४ यांच्या मध्ये कुठेतरी असणार, आणि ४२९१ तसा आहेच.

न्यूजर्सीकर

ही सॉफ्टवेअरं मी पंधरा वर्षं वापरतोय म्हणून लिहितो. आधी कागदावर रिटर्न भरायचो. मग दोन वर्षं एका सीपीएकडे, म्हणजे इकडच्या सीएकडे गेलो, त्याने नको तेवढे पैसे घेतले. तेव्हापासून घरी बसून सॉफ्टवेअरवर करतो. तुमचं रिटर्न साधं असेल, म्हणजे फक्त पगार आणि बँकेचं व्याज, तर फुकटचं पुरतं. भारतातल्या एफडीचं व्याज दाखवायला विसरू नका. शेअर विकले असतील तर मात्र वरची आवृत्ती घ्यावी लागते.

काठावर_पास

काका, मला रिटर्न नाही भरायचंय. मी पुण्यात आहे.

दप्तरखाना

न्यूजर्सीकरांनी नकळत कामाचा मुद्दा काढलाय. खटल्यातला मोठा वाद नेमका हाच होता. ब्लॉकचं म्हणणं होतं की बाजार नुसत्या सॉफ्टवेअरचा धरू नका. कागदावर स्वतः भरणारे आणि दुकानात जाऊन करून घेणारे हे सगळेच धरा. तसं धरलं असतं तर सगळ्यांचे वाटे बदलले असते आणि तुमचं गणित मुळापासून वेगळं झालं असतं. न्यायाधीश बेरिल हॉवेल यांनी ते मानलं नाही. किंमत ठरवताना कंपन्या कुणाकडे बघत होत्या हे त्यांच्या अंतर्गत कागदपत्रांत दिसत होतं, ते त्यांनी पाहिलं.

न्यूजर्सीकर, खरं सांगा. सॉफ्टवेअर दहा टक्क्यांनी महागलं तर कागदावर परत जाल का?

न्यूजर्सीकर

छे! चार-पाच डॉलरसाठी कोण जाणार. दुसऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर घेईन.

दप्तरखाना

बघा. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, पण प्रश्न असाच विचारायचा असतो. आधी बाजार, मग वाटे, मग वर्ग. धागाकर्तीने तिसऱ्या पायरीपासून सुरुवात केली कारण पहिल्या दोन कोर्टाने करून ठेवल्या होत्या.

बेलापूरचा_बाबू

आपल्याकडे हे आकडे वगैरे कोण बघतं? व्होडाफोन-आयडिया एक झाले २०१८ मध्ये, स्पर्धा आयोगाने, म्हणजे सीसीआयने, परवानगी दिलीच की. माझ्या गावी तर आता एकाच कंपनीची रेंज येते, म्हणजे एचएचआय दहा हजार! पीव्हीआर आणि आयनॉक्स एकत्र आले तेव्हा परवानगीसाठी जावंसुद्धा लागलं नाही, करोनाच्या वर्षात उलाढाल पडली होती म्हणून.

सरळमार्गी

तो मुद्दा वेगळा आहे. परवानगीला जायचं की नाही हे तेव्हा मालमत्ता आणि उलाढालीवर ठरायचं, वाट्यावर नाही. आणि कोण बघतं असं कसं? सीसीआयच्या आदेशांत एचएचआय असतो. आपल्या कायद्यात अमुक आकड्याच्या वर गेलं की संशयास्पद अशी रेघ मारलेली नाही, एवढंच.

अमेरिकेत ती रेघ आहे. एचएचआय १८०० च्या वर आणि वाढ १०० पेक्षा जास्त. धागाकर्तीने ते लिहून टाकावं.

दप्तरखाना

या खटल्याला ते लावू नका, मार्क जातील. १८०० आणि १०० हे तिथल्या सरकारच्या विलीनीकरणाबद्दलच्या जुन्या मार्गदर्शक तत्त्वांत होतं आणि २०२३ मध्ये परत आलं. मधल्या काळात, २०१० च्या तत्त्वांत, २५०० आणि २०० होतं. निकाल २०११ चा आहे. निष्कर्ष बदलत नाही, ४६९१ आणि ४०० दोन्ही रेघांच्या पार पलीकडे आहेत, पण लिहायचं ते त्या वेळचं लिहा.

काठावर_पास

एचएचआय कळला. सीआर४ चं काय करू? "इतर"मध्ये सगळ्यात मोठी कोण आणि तिचा वाटा किती, हे माझ्याकडे नाही. सरांना दोन्ही निर्देशांक हवेत आणि दोन्हींवरून निष्कर्ष.

दप्तरखाना

पहिल्या तिघी मिळून ९०.६. चौथीचा वाटा नक्की कळणार नाही, पण अंदाज बांधता येतो. उरलेल्यांचे वर्ग मिळून १५ आहेत, म्हणजे त्यांतली कोणतीही एक ३.९ पेक्षा मोठी असू शकत नाही, कारण तिचा एकटीचाच वर्ग १५ च्या वर जाईल. उलट बाजूने, सगळ्याच फार बारीक असत्या तर वर्गांची बेरीज १५ पर्यंत पोचलीच नसती. १५ ला ९.४ ने भागा, १.६ येतात. सगळ्यात मोठी किमान तेवढी हवीच. म्हणजे सीआर४ साधारण ९२ ते ९४.५.

आता गंमत बघा. विलीनीकरणानंतर पहिल्या दोघी मिळूनच ९०.६ होतात. वरच्या चौघींमध्ये एक जागा रिकामी होते आणि तिथे पाचवी येऊन बसते. पाचवीकडे फार तर पावणेतीन टक्के असणार, म्हणून सीआर४ तेवढाच वाढतो. तिसऱ्या क्रमांकाची कंपनी बाजारातून नाहीशी होते आणि सीआर४ ला फारसं जाणवतच नाही! एचएचआय मात्र दोन गुणिले १५.६ गुणिले १२.८, म्हणजे ३९९ ने उडी मारतो. निष्कर्षात हा फरक लिहा.

सरळमार्गी

एक शंका. ६२.२ हा आकडा गोलाई करून दिलाय. तो ६२.१५ असू शकतो किंवा ६२.२५. एवढ्याशा फरकाने त्याचा वर्ग सहाने इकडे-तिकडे होतो, बाकी दोघींचे मिळून आणखी तीनाने. मग तुमचे ते १५ खरे कसे? ६ ही असतील, २४ ही असतील.

दप्तरखाना

बरोबर पकडलंत, ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं. २४ धरले तर चौथी ४.९ पर्यंत जाऊ शकते आणि सीआर४ साडेपंचाण्णवपर्यंत. ६ धरले तर चौथी अगदीच लहान निघेल. रेंज सैल होते. ३९९ ला याचा फारसा धक्का नाही, कारण त्यात ६२.२ येतच नाही.

सरळमार्गी

तोच तर माझा मूळ मुद्दा आहे. ४२९१ पैकी ३८६९ एकट्या इंट्युइटचे, आणि ती या व्यवहारात नाहीच. एवढ्या मोठ्या कंपनीसमोर दोन लहान एकत्र येऊन दमदार झाल्या तर स्पर्धा वाढेल की कमी होईल? मला तर निकाल चुकलेला वाटतो.

दप्तरखाना

ब्लॉकच्या वकिलांनी जवळपास हेच मांडलं होतं. पण टॅक्सअ‍ॅक्ट साधी तिसरी कंपनी नव्हती. फुकट आणि स्वस्त रिटर्न बाजारात रेटायचं काम ती करत होती आणि मोठ्यांना मागून यावं लागत होतं. ती गेली की उरलेल्या दोघींना भांडायचं कारण काय? १२.८ च्या वर्गात हे दिसत नाही. आळशी १२.८ आणि भांडकुदळ १२.८ यांचा वर्ग एकच येतो.

सरळमार्गी

मग वर्ग कशाला करायचे, सरळ स्वभावच बघायचा.

बेलापूरचा_बाबू

अवांतर: गावी रेंज येण्यासाठी नंबर कुठे पोर्ट करावा, कुणी सांगेल का? नवा धागा काढू?

काठावर_पास

नवा काढा, प्लीज.

"इतर"ची ओळ काढून किमान ४२७६, एकच धरून कमाल ४३६४, निकालाचा ४२९१ मध्ये, असं लिहिलं. बाजार कोर्टाने ठरवला तो तसाच घेतला, हेही लिहिलं. सीआर४ ला ९२ ते ९४.५ लिहून खाली गोलाईची टीप टाकलीय. सरांच्या तक्त्यात सीआर४ साठी एकच चौकट आहे, त्यात रेंज कशी बसवायची ते बघते.