मदत हवी आहे: खाती बंद केल्यावरच्या तेरजेत भाडे आणि उचल का उरली?

वडगाव_बेळगाव: आमच्या साडीच्या दुकानाचे हिशेब मी हाताने लिहिते. पावत्यांवरून रोजकीर्द, तिच्यावरून खतावणी, मग सर्व खात्यांच्या शिल्लकांची तेरीज, समायोजने आणि शेवटी 31 मार्चच्या बंद नोंदी, असे सारे क्रमाने केले. त्यानंतरच्या तेरजेच्या दोन्ही बाजू 3,18,400 रुपयांवर जुळतात. तरीही नावे बाजूला भाडे 9,000 आणि मी दुकानातून स्वतःसाठी काढलेली उचल 36,000 दिसते. 1 जानेवारीला वर्षभराचे भाडे 12,000 आगाऊ दिले होते. त्यातले तीन महिन्यांचे 3,000 नफा-तोटा खात्यात नेले. नफा 64,000 आला. बेरीज जुळत असताना हे बरोबर मानावे का?

टिळकवाडीकर: बेरीज जुळली म्हणजे चूक नाही. उचल मात्र बंद करायला हवी; ती नफा-तोटा खात्यात न्यावी.

निवृत्त_लेखापाल: उचल बंद करायला हवी हे खरे, पण ती खर्च नव्हे. तुम्ही म्हणता तसे केले, तर नफा 28,000 दिसेल. ती थेट भांडवलात न्यावी: भांडवल नावे 36,000, उचल जमा 36,000.

ताई, भाड्याचे समायोजन आपण फक्त कच्च्या तक्त्यावर केलेले दिसते. तक्ता म्हणजे वही नव्हे. रोजकीर्दीत नोंद होऊन ती खतावणीत उतरली नाही, तर 9,000 खर्चाच्या खात्यातच अडकून राहतात. तेरीज फक्त दोन बाजूंची बरोबरी पाहते, रक्कम कोणत्या खात्यात आहे ते पाहत नाही. म्हणून या शेवटच्या तेरजेत बेरजेआधी खात्यांची नावे वाचावीत. खर्चाचे, उत्पन्नाचे किंवा उचलीचे एकही नाव दिसले, तर काम अपुरे आहे.

निपाणी_पतसंस्था: आमच्या संगणकावर नवे वर्ष उघडले की शिल्लका आपोआप पुढे येतात, बंद नोंदी मी कधीच लिहिल्या नाहीत. मग त्या लिहायच्याच कशाला?

निवृत्त_लेखापाल: तिथे ते काम संगणक करतो. वहीत मात्र गेल्या वर्षीचा खर्च या वर्षीच्या खर्चात मिसळू नये म्हणून आपल्यालाच खाते शून्यावर आणावे लागते.

वडगाव_बेळगाव: आपले निदान अचूक निघाले. मार्चचे वीजबिल, 2,400 रुपये देणे, मी रोजकीर्दीत लिहिले होते. भाडे मात्र तक्त्यावरच राहिले होते. 31 मार्चच्याच तारखेने आगाऊ भाडे नावे 9,000, भाडे जमा 9,000 अशी नोंद केली आणि उचल भांडवलात नेली. आता भांडवल 2,28,000 आणि दोन्ही बाजू 2,82,400 आहेत. एकच विचारते, 1 एप्रिलला त्या वीजबिलाची उलट नोंद, म्हणजे नावे-जमा अदलाबदल करून तीच नोंद, करावी का?

निवृत्त_लेखापाल: करावी. मग बिल भरताना नेहमीसारखे वीज खाते नावे टाकले, तरी नव्या वर्षावर जुना खर्च पडत नाही.

खानापूर_वाणिज्य: माझे मत वेगळे आहे. वही एकच व्यक्ती लिहीत असेल, तर बिल भरताना थेट वीज देणे खाते नावे टाकावे. उलट नोंदीनंतर बिल भरेपर्यंत वीज खात्यावर जमा शिल्लक दिसते आणि एप्रिलची तेरीज काढणारा गोंधळतो.