‘खेळाची वेळ’ की ‘खेळाचा वेळ’? आणि ‘पंधरा दिवसांत’ म्हणजे कधीपर्यंत?

नौपाड्याची मावशी: भाचा सुट्टीला माझ्याकडे आलाय. ७ जूनच्या रात्री पावणेबाराला त्याने स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून एक गेम घेतला आणि आता तो त्याला नकोय. काल लॅपटॉप माझ्यापुढे सरकवून म्हणाला, “मावशी, पैसे परत मिळतील का, वाचून सांग.” नियमाचं मूळ वाक्य असं आहे: within two weeks of purchase and with less than two hours of playtime. मी त्याला कागदावर मराठीत उतरवून दिलं: ‘खरेदीपासून पंधरा दिवसांत, खेळाची वेळ दोन तासांपेक्षा कमी असल्यास पैसे परत.’ गेमच्या पानावर 1.8 hours दिसत होतं. म्हटलं, एक तास आठ मिनिटं झालीत, बावन्न मिनिटं शिल्लक आहेत, घाई करू नकोस, अजून थोडा खेळून बघ.

तर तो म्हणतो, मी तासभरसुद्धा खेळलेलो नाही, पॉज करून जेवायला गेलो होतो. तेव्हापासून माझ्याच वाक्यावरचा माझा विश्वास उडालाय. आज २० तारीख. प्लेटाइमला मराठीत काय म्हणायचं, आणि माझं बाकीचं वाक्य तरी बरोबर आहे का?

वाशीचे आजोबा: बिल आहे का, ते आधी सांगा. मागच्या दिवाळीत नातवासाठी गेमची डबी आणली होती. वरचं प्लास्टिक फाडलं म्हणून दुकानदाराने परत घेतली नाही. कितीही गयावया करा. खोकं उघडलं नसेल तरच जा.

नौपाड्याची मावशी: आजोबा, यात डबी नाही. पैसे भरले की गेम डाउनलोड होतो.

वाशीचे आजोबा: मग परत काय देणार?

निवृत्त मुद्रितशोधक: आजोबांचा प्रश्न वरवर भाबडा वाटतो, पण नेमका आहे. वस्तू परत जात नाही, फक्त पैसे परत येतात. म्हणून ‘परतावा’ हा शब्द इथे चालतो, जसा आयकराचा परतावा. ‘माल परत’ म्हणू नये.

आता मूळ मुद्दा. बाई, तुमची चूक लिंगाची आहे. मराठीत ‘वेळ’ दोन आहेत. ‘ती वेळ’ म्हणजे घड्याळातला क्षण किंवा प्रसंग: जेवणाची वेळ झाली, गाडीची वेळ चुकली. ‘तो वेळ’ म्हणजे लांबी असलेला काळ: स्वयंपाकाला वेळ लागला, हातात वेळ कमी आहे. दोन तास ही लांबी आहे. तेव्हा ‘खेळाची वेळ दोन तासांपेक्षा कमी’ हे वाक्यच उभं राहत नाही. खेळाची वेळ संध्याकाळी पाचची असते. ‘खेळाचा वेळ’ लिहा. एकच शब्द हवा असेल तर मी ‘क्रीडावधी’ सुचवेन.

घोडबंदर_रात्रपाळी: काका, क्रीडावधी म्हटलं की मला शाळेतला पी.टी.चा तास आठवतो.

मावशी, तुमचे पंधरा दिवस खरेदीपासून नाहीत, गेम पहिल्यांदा सुरू केल्यापासून मोजतात. माझ्याकडे दोन महिन्यांपूर्वी घेतलेला गेम होता, पैसे परत आले. तेव्हा भाच्याला सांगा, आरामात.

ऐरोलीकर: आरामात नको! रात्रपाळी, तुमचा तो गेम आगाऊ नोंदवलेला होता का? म्हणजे बाजारात यायच्या आधीच पैसे भरले होते का?

घोडबंदर_रात्रपाळी: हो. आल्याच्या दिवशीच रात्री खेळायला बसलो.

ऐरोलीकर: तेच झालं. आगाऊ नोंदवलेल्या गेमची मुदत तो गेम प्रसिद्ध होतो त्या दिवसापासून सुरू होते. तुमचा प्रसिद्धीचा दिवस आणि पहिल्यांदा खेळण्याचा दिवस एकच निघाला, म्हणून तुम्हाला वाटलं की सुरू केल्यापासून मोजतात. भाच्याने बाजारात असलेला गेम घेतलाय. त्याची मुदत ७ जूनलाच सुरू झाली, मग त्याने तो उघडलेला असो वा नसो. सेलमध्ये स्वस्तात घेऊन ठेवणारे, ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणणारे, इथेच फसतात. एक मिनिटही खेळलेले नसतात आणि तारीख उलटून गेलेली असते. वाक्यातला and हा ‘आणि’ आहे, ‘किंवा’ नाही. दोन्ही अटी एकदमच पाळाव्या लागतात. तुमच्या वाक्यात मावशी, नुसता स्वल्पविराम आहे. तिथे ‘आणि’ लिहाच.

आता ते 1.8. हा आकडा दशांश आहे. पॉइंट आठ म्हणजे तासाचे आठ दशांश, साठ गुणिले शून्य पॉइंट आठ, अठ्ठेचाळीस मिनिटं. एक तास अठ्ठेचाळीस. पावणेदोन वाजून वर तीन मिनिटं, असं समजा. शिल्लक बावन्न नाहीत, बारा आहेत. आणि दाखवताना आकडा जवळच्या दशांशाला आणलेला असतो, म्हणून दोन-तीन मिनिटं इकडेतिकडे. बारा सोडा, नऊच धरा.

नौपाड्याची मावशी: अरे देवा. मी तर त्याला खेळायला बसवलं असतं.

निवृत्त मुद्रितशोधक: पावणेदोन, दीड, सव्वा असे नेटके शब्द असलेल्या भाषेच्या माणसाने दशांशात वेळ वाचावा, हीच मुळात शिक्षा आहे.

ऐरोलीकर: आता भाच्याच्या पॉजबद्दल. काका, ‘खेळाचा वेळ’ व्याकरणात बसतो, पण अर्थ चुकवतो. मोजलं जातं ते खेळणं नाही, गेमचा प्रोग्रॅम चालू असणं. तो चालू झाला की घड्याळ सुरू, बंद केला की थांबलं. मधे तुम्ही पॉज करून वरणभात खा, मेनूत आवाज कमीजास्त करत बसा, नाहीतर लॅपटॉप तसाच ठेवून खाली कोथिंबीर आणायला जा, सगळं जमेस. काही गेम पहिल्यांदा उघडल्यावर आतल्या आत ‘शेडर तयार होत आहेत’ म्हणून टक्केवारी दाखवत बसतात. जुन्या मशीनवर त्यात बराच वेळ जातो, आणि तोही धरतात. डाउनलोडचा वेळ मात्र धरत नाहीत, कारण तेव्हा गेम चालू नसतो. भाचा तासभरच खेळला असेल, मी विश्वास ठेवतो. पण आकडा त्याच्या हातांचा नाही, प्रोग्रॅमचा आहे.

घोडबंदर_रात्रपाळी: रिक्षा तीन हात नाक्याच्या सिग्नलला उभी असते तेव्हासुद्धा मीटर पडतच असतो, तसं.

नौपाड्याची मावशी: मग ‘मीटर’च लिहिते! ‘मीटरवर दोन तासांपेक्षा कमी.’ हे तो एका दमात समजेल.

निवृत्त मुद्रितशोधक: समजेल, पण लिखाणात मी ‘चालू वेळ’ म्हणेन.

ऐरोलीकर: ‘चालू वेळ’ वाचून लोक ‘आत्ताची वेळ’ समजतील. ‘चालू महिना’, ‘चालू खातं’ आहेच की.

निवृत्त मुद्रितशोधक: मग ‘गेम चालू राहिल्याचा वेळ’. लांबलचक आहे, पण खोटं नाही. क्रीडावधी मी मागे घेतो, तोही फक्त खेळण्याकडेच बोट दाखवतो.

मला ‘पंधरा दिवसां’वर मात्र बोलायचंय, ते कोणी धरलं नाही. आपण ‘आठ दिवसांनी ये’ म्हणतो तेव्हा आठवडा, म्हणजे सात दिवस, अभिप्रेत असतात. सोमवारी म्हटलं तर माणूस पुढच्या सोमवारी येतो. तसेच ‘पंधरा दिवस’ म्हणजे दोन आठवडे, चौदा दिवस. आपण आजचा दिवसही मोजतो म्हणून एक वाढतो. बाईंनी two weeks चं ‘पंधरा दिवस’ केलं हे बोलीत अगदी बरोबर. पण कागदावर वाचणारा तो अंकच धरून बसेल.

नौपाड्याची मावशी: मी धरलाच! सातमध्ये पंधरा मिळवून मी त्याला बावीस तारीख सांगितली होती.

निवृत्त मुद्रितशोधक: आणि ‘चौदा दिवसांच्या आत’ म्हटलं की चौदावा दिवस बाहेर राहतो. ‘आत’ म्हणजे आत. म्हणजे तुमची मुदत कालच संपली.

ऐरोलीकर: नाही काका, इथे थांबा. ‘आठ दिवसांच्या आत पैसे भरा’ असं सोसायटीच्या नोटिशीत असतं तेव्हा आठव्या दिवशी भरलेले पैसे आपण उशिराचे मानतो का? ‘दोन तासांपेक्षा कमी’ इथे दोन तास पुरे झाले की तुम्ही बाहेर, हे खरं. ‘आत’ला तो कडकपणा नाही.

ही तारीख मी अशी मांडतो. ७ जूनच्या रात्री पावणेबारापासून चोवीस तासांचे चौदा तुकडे केले, तर शेवटचा २१ जूनच्या रात्री पावणेबाराला संपतो. आपल्या रीतीने ७ तारखेलाच ‘एक’ म्हटलं, तर चौदावा दिवस आजचा, २० जून. तासांनी मोजा वा दिवसांनी, आज अर्ज केला तर दोन्हींत बसतो. उद्या केला तर एकातच बसतो. त्यात ती कंपनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची, उन्हाळ्यात आपल्या साडेबारा तास मागे. भाच्याने रात्री घेतला म्हणून तिथेही ७ तारीखच होती. ठाण्यात सकाळी नऊला घेतला असता तर तिकडे आदली रात्र असती. म्हणून शेवटच्या दिवसावर पैज लावायची नाही, हा माझा नियम, त्यांचा नव्हे.

निवृत्त मुद्रितशोधक: सोसायटीची नोटीस हा भाषेचा पुरावा होत नाही. पण आज अर्ज करावा, इथपर्यंत मान्य.

वाशीचे आजोबा: आणि पावणेबारा वाजून गेले तर? अर्धा मिनिट उशीर झाला तर एक रुपयाही नाही?

ऐरोलीकर: आजोबा, नियमांत न बसणाऱ्यांनीही अर्ज करावा, ते बघतील, असं त्याच पानावर लिहिलंय. ‘बघतील’ आणि ‘देतील’ यांत फरक आहे, एवढंच. दोन्ही अटींत बसलात तर कारण काय दिलं याला फारसं महत्त्व राहत नाही. मंजूर झाल्यावर आठवडाभरात पैसे येतात. ज्या मार्गाने भरले तिकडे हवेत की स्टीमच्या वॉलेटमध्ये, हे अर्जातच निवडायचं असतं. ते घाईत चुकीचं दाबू नका. वॉलेटमधले पैसे मग तिथेच खर्च करावे लागतात.

घोडबंदर_रात्रपाळी: मावशी, तो अर्ज भरेपर्यंत गेम बंद आहे ना?

नौपाड्याची मावशी: आत्ता खोलीत जाऊन बघितलं. मला ‘शेडरची टक्केवारी म्हणजे काय’ ते दाखवायला म्हणून त्याने गेम परत उघडलाय. पानावर आता 1.9 आहे.

ऐरोलीकर: बंद करायला लावा. आत्ता.

नौपाड्याची मावशी: केला. तोच अर्ज भरतोय, मी शेजारी बसलेय. कागदावरचं वाक्य खोडून लिहिलं: ‘खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि गेम चालू राहिल्याचा वेळ दोन तासांपेक्षा कमी असेल तर.’ त्याने खाली कंसात ‘मीटर’ लिहिलं.