एका साइटसाठी सगळाच ब्राउझर का धुवायचा?

प्राजक्ता_के: वीजबिलाच्या साइटवर पासवर्ड टाकला की पुन्हा लॉगिनचंच पान येतं. अँड्रॉइड फोन, क्रोम. मदत केंद्रातल्या बाईंनी "ब्राउझिंग डेटा डिलीट करा" सांगितलं. त्याने बाकीच्या साइट्सवरूनही बाहेर पडणार ना? एकाच साइटचा डेटा पुसायची सोय आहे का, आणि असेल तर इतकी लपवलेली का?

बापूसाहेब: लपवलेली आहे तेच बरं. नवख्याने Delete browsing data दाबावं, मोकळं व्हावं. पासवर्ड पुन्हा टाकायला किती वेळ लागतो?

नाईटशिफ्ट: बापूसाहेब, ज्यांना पासवर्ड आठवत नाहीत त्यांचा पूर्ण दिवस जातो. त्या खिडकीत "शेवटचा तास", "सर्व काळ" असा काळ निवडता येतो, साइट नाही. प्राजक्ताताई, बिलाची साइट उघडा, पत्त्याच्या डावीकडचं चिन्ह दाबा, मग Cookies and site data. तिथे साठा किती ते दिसतं, शेजारी कचरापेटी. त्याआधी त्या साइटचे बाकी टॅब बंद करा, नाहीतर ते लगेच नवीन कुकी, म्हणजे साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेली लॉगिनसारखी छोटी नोंद, लिहून ठेवतात.

सोनाली७: इतकं कशाला? इनकॉग्निटोत उघडा, चालतं.

नाईटशिफ्ट: निदानाला उत्तम. तिथे लॉगिन झालं तर दोष बहुधा जुन्या कुकीचाच. पण नेहमीच्या टॅबमधली कुकी तशीच राहते, ती पुसावीच लागते.

विन्या: मी सेटिंग्ज → ॲप्स → क्रोम → स्टोरेजमधून Clear data केलं होतं. झालं काम!

नाईटशिफ्ट: विन्या, तो आख्ख्या क्रोमचा डेटा. उघडे टॅबही गेले असतील. नवख्याला असलं सांगू नकोस रे.

बापूसाहेब: बघा, म्हणूनच म्हणतो, बटणं जास्त झाली की माणूस भलतंच दाबतो.

सोनाली७: उलट आहे, काका. बारीक काम करणारं बटण सापडलं नाही म्हणूनच विन्याने मोठं दाबलं.

प्राजक्ता_के: चिन्ह सापडलं! कचरापेटी दाबली, साठा गेला. पण अजून तेच. लॉगिनचं पान उघडलं की पत्ता वेगळाच दिसतो.

नाईटशिफ्ट: मग लॉगिनच्या कुकी त्या दुसऱ्या नावाखाली असणार. लॉगिनच्या पानावर असतानाच हीच कृती करा. किंवा क्रोमच्या Settings → Site settings → All sites मध्ये दोन्ही नावं शोधा. तिथे परवानग्याही रीसेट करायचा पर्याय असतो. तो दाबलात तर लोकेशन, नोटिफिकेशन पुन्हा विचारेल. सेव्ह केलेले पासवर्ड जात नाहीत, अर्धवट भरलेला फॉर्म मात्र जाऊ शकतो.

मंदार_पुणे: आयफोनवर?

नाईटशिफ्ट: सफारी असेल तर फोनच्या सेटिंग्जमध्ये सफारी → Advanced → Website Data, आणि नाव डावीकडे सरकवायचं. नव्या iOS मध्ये सफारी Apps खाली गेलंय. ब्राउझरच्या बाहेर ठेवलंय! यावर बापूसाहेब काय म्हणतात?

बापूसाहेब: तिथे तर मलाही सापडलं नसतं. तरी माझं मत तेच.

प्राजक्ता_के: दुसरं नाव पुसलं. लॉगिन झालं.