मदत हवी आहे: ट्रॅकिंगच्या चुकीमुळे घटलेले कन्व्हर्जन क्लायंटला पत्रातून कसे सांगू?

सुपर्णा_पुणे
मी एका छोट्या एजन्सीत अ‍ॅनालिस्ट आहे. आमच्या क्लायंट ताई कोल्हापूरहून साड्या ऑनलाइन विकतात. मार्चच्या रिपोर्टमध्ये मी गूगल जाहिरातींमधून ६१२ खरेद्या दाखवल्या, खऱ्या ४३१ निघाल्या. जाहिरातीचा खर्च २,५८,६०० रुपये. म्हणजे एका ऑर्डरमागे ४२३ रुपये सांगितले होते, ते आता ६०० झाले.

झालं असं. ऑर्डर झाल्यावर उघडणाऱ्या "धन्यवाद" पानावर `purchase` इव्हेंट आहे. ४ मार्चला वेबसाइटची थीम बदलली आणि ऑर्डरच्या मेलमधली "ऑर्डर पाहा" ही लिंकही त्याच पानावर जाऊ लागली. पार्सल कुठपर्यंत आलं हे बघायला गिऱ्हाईक ती लिंक उघडतं आणि दर वेळी एक खरेदी मोजली जाते. टॅग आम्हीच लावला होता, त्यात `transaction_id` पाठवलेला नाही. पानाच्या पत्त्यात ऑर्डर नंबर असतो, म्हणून GA4 मध्ये `page_location` वरून वेगवेगळे नंबर मोजले, तेव्हा ४३१ आले. एक ऑर्डर तर सात वेळा दिसली.

साहेब म्हणतात, "डेटा सिंकची तांत्रिक अडचण" एवढंच लिही. मला ते पटत नाही. ताईंनी त्या ६१२ वर भरवसा ठेवून एप्रिलचं बजेट वाढवलं आहे. पत्र कसं लिहू?

गोदाकाठ
कॅश ऑन डिलिव्हरीची पार्सलं परत येतात, त्यामुळे आकडा कमी झाला का? आमच्याकडे दर महिन्याला हेच होतं. परत आलेला माल वजा करूनच रिपोर्ट द्यायचा.

सुपर्णा_पुणे
नाही हो. या १८१ ऑर्डर कधी आल्याच नाहीत, म्हणून परत येण्याचा प्रश्नच नाही. पण ताईही असंच समजू शकतात, तेव्हा पत्रात हे वेगळं लिहीन.

मनोज७७
एवढं कशाला? गूगल अ‍ॅड्समध्ये त्या कन्व्हर्जनचं Count हे Every वरून One करा, काम झालं.

आकडेवाला
मनोज, दुसऱ्यांदा पान उघडल्याची मोजणी त्याने थांबेल हे खरं. पण एकाच क्लिकनंतर कोणी पाडव्याला एक साडी आणि आठवड्याने दुसरी घेतली, तर ती दुसरी खरी विक्रीही जाईल. दुकानाला Every च हवं, सोबत ऑर्डर नंबर:

```
gtag('event', 'purchase', {
  transaction_id: '10482',
  value: 2350,
  currency: 'INR'
});
```

नंबर मिळाला नाही तर तिथे रिकामी जागा पाठवू नका. रिकाम्या नंबरच्या सगळ्या खरेद्या GA4 एकच समजतो आणि मग आकडा उलट बाजूला कोसळतो.

सुपर्णा, पत्राबद्दल सांगतो. पहिल्याच वाक्यात दोन्ही आकडे आणि "चूक आमच्या टॅगमध्ये होती" हे येऊ द्या. दुसरं, GA4 मधले जुने आकडे मागे जाऊन दुरुस्त होत नाहीत. ताई उद्या लॉगिन करतील तेव्हा तिथे ६१२ च दिसतील आणि त्यांना वाटेल आपल्याला फसवलं. हे आधीच लिहा.

तिसरं, जाहिरातीची बोली आपोआप ठरत असेल तर तीही याच फुगलेल्या आकड्यांवर शिकली आहे. गूगल अ‍ॅड्समध्ये Data exclusions आहे, त्यात या तारखा वगळा. त्याने बोलीपुरता तो काळ बाजूला पडतो, रिपोर्टमधला आकडा बदलत नाही.

आणि ४३१ दुकानाच्या ऑर्डर-यादीशी पडताळलेत का?

सुपर्णा_पुणे
एकूण पडताळलं. सगळ्या मार्गांनी मिळून आमच्या मोजणीत ७३१, दुकानाच्या यादीत ७५८. राहिलेल्या २७ पैकी बऱ्याच यूपीआयच्या आहेत. पैसे भरून माणूस अ‍ॅपमधूनच बाहेर पडतो, आमच्या पानावर परत येत नाही.

आकडेवाला
मग ४३१ हाही "अगदी खरा" म्हणू नका. थोडा कमीच असेल. ताईंनी यादी उघडली की फरक दिसणारच.

सुपर्णा_पुणे
सुरुवात अशी लिहिली आहे:

"ताई, नमस्कार. मार्चच्या रिपोर्टमध्ये आम्ही ६१२ खरेद्या कळवल्या होत्या, त्या प्रत्यक्षात सुमारे ४३१ आहेत. चूक आम्ही लावलेल्या टॅगची आहे. एखाद्या ग्राहकाने आपल्या ऑर्डरचं पान पुन्हा उघडलं की तीच ऑर्डर पुन्हा मोजली जात होती. तुमच्याकडे आलेल्या ऑर्डर आणि जमा झालेले पैसे यांत काहीही फरक नाही. एका ऑर्डरमागचा जाहिरात खर्च मात्र ४२३ नसून सुमारे ६०० रुपये आहे. एप्रिलचं वाढीव बजेट तुम्ही आमच्या चुकीच्या आकड्यावरून ठरवलं, म्हणून ते पुढे चालू ठेवण्याआधी आपण फोनवर बोलूया."

गोदाकाठ
हे मलाही कळलं. पण तुमची फी जाहिरात खर्चाच्या टक्क्यांवर असेल, तर वाढीव बजेटवरची फी घेणार का?

सुपर्णा_पुणे
टक्क्यांवरच आहे. साहेबांना विचारलं, अजून उत्तर नाही. पत्र उद्या सकाळी जायला हवं, फीचं ठरेपर्यंत थांबवू का?

आकडेवाला
थांबू नका. बजेट रोज खर्च होतंय.