‘वळवणे’ म्हणावं का? पहिला गेटवे अडला की भरणा दुसऱ्यातून जातो, त्याला शब्द हवा

अनगोळची

नमस्कार मंडळी. मी बेळगावातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीला मराठी आणि कन्नड मजकूर करून देते. सध्या कुंदा घरपोच पाठवणाऱ्या एका मिठाईवाल्यांच्या ऑनलाइन दुकानाचं काम चालू आहे. ग्राहकाने कार्डाने पैसे भरताना पहिल्या गेटवेकडून, म्हणजे दुकान आणि बँक यांच्यामध्ये भरणा नेणाऱ्या सेवेकडून, काम झालं नाही, तर यंत्रणा तोच भरणा आपणहून दुसऱ्या गेटवेकडे नेते. ऑफिसात सगळे त्याला ‘स्मार्ट रूटिंग’ म्हणतात. तेवढ्या वेळात ग्राहकाला पडद्यावर एक ओळ दिसते, ती मी अशी लिहिली होती: ‘आपला व्यवहार अयशस्वी झाला आहे. तो दुसऱ्या मार्गाने वळवत आहोत.’

गेल्या आठवड्यात पुण्याच्या एका बाईंचे 840 रुपये दोनदा कापले गेले. त्यांनी दुकानात फोन करून विचारलं, “अयशस्वी झाला म्हणून तुम्हीच लिहिलंय, मग पहिले पैसे गेले कुठे?” दुकानाचे मालक म्हणतात शब्द चुकला. आमचा इंजिनिअर म्हणतो शब्दाचा काय संबंध. मला तेव्हापासून ‘वळवणे’ टोचतंय. काय लिहावं?

शुद्धमराठी

ताई, आधी ‘गेटवे’ काढा. ‘देयकद्वार’ हा सुटसुटीत शब्द आहे. या क्रियेला ‘पर्यायमार्गण’ म्हणता येईल. आपण वापरला तरच शब्द रुळतो. ‘विद्यापीठ’ आणि ‘संगणक’ हेही कोणीतरी पहिल्यांदा वापरलेच की.

टिळकवाडी

पर्यायमार्गण वाचून ग्राहक पान बंद करील. बेळगावात शब्द तयारच आहे. पहिलं रेल्वे गेट पडलेलं दिसलं की आपण काय म्हणतो? “दुसऱ्या गेटनं जाऊ या.” तेच लिहा. आणि त्यात पुढचंही येतं. गाडीच जात असेल तर दुसरं गेटसुद्धा पडलेलं असतं. माझ्या बँकेचा सर्व्हर बंद होता त्या दिवशी मी तीन ठिकाणांहून पैसे भरून पाहिले, एकीकडूनही गेले नाहीत.

पाणंद

आमच्याकडं उसाला पाणी देताना हे रोजचंच काम आहे. एक वाफा भरला, नाहीतर सरीत माती ढासळून पाणी तुंबलं, की पुढचं दारं मोडायचं. फावड्याचे दोन घाव घालून पाटाचा बांध फोडला की पाणी तिकडं वळतं. पण दारं मोडल्यावर मागचं दारं लगेच मातीनं बुजवावं लागतं. ते राहिलं तर पाणी दोन्हीकडं जातं. तुमच्या पुण्याच्या बाईंचं तेच झालंय. ‘वळवणे’ चांगला शब्द आहे, मागचं दारं बुजवलं नव्हतं एवढंच.

जाता जाता, हे ‘दारं’ कन्नडमधल्या ‘दारि’वरून आलंय असं मला वाटतं. दारि म्हणजे वाट.

शुद्धमराठी

मुळीच नाही. द्वार, दार, दारं, हे सरळ संस्कृतातून आलेलं आहे.

पाणंद

दाराला फळी असते, कडी असते. शेतातल्या दाऱ्याला काय असतं? ती पाण्याची वाटच आहे.

खानापूरकर

मी सात वर्षं बंगळूरला हेच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पाणंद काकांनी नेमक्या जागी बोट ठेवलंय. फक्त पाणी डोळ्यांना दिसतं, पैसे दिसत नाहीत. मागचं दारं उघडं आहे की बंद, हे आम्हाला त्या क्षणी कळतच नाही.

ताई, तुमच्या ‘अयशस्वी’ शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्या गेल्यात. पहिली म्हणजे विनंती पहिल्या गेटवेपर्यंत पोचलीच नाही. ओटीपीचं पान उघडण्याआधीच हे कळतं. तेव्हा दुसऱ्या गेटवेकडे नेलं तर ग्राहकाला पत्ताही लागत नाही आणि धोका काही नसतो. याला खुशाल ‘वळवणे’ म्हणा.

दुसरी म्हणजे बँकेने स्पष्ट नाही म्हटलं. अशा वेळी नकाराचा कोड पाहावा लागतो. 51 आला तर खात्यात तेवढे पैसे नाहीत, मग दहा गेटवे बदला, उत्तर तेच. 91 म्हणजे कार्ड देणाऱ्या बँकेकडूनच प्रतिसाद मिळत नाही. टिळकवाडीकरांची दोन्ही गेटं पडलेली असतात ती ही वेळ.

तिसरी सगळ्यात वाईट. ग्राहकाने ओटीपी दिला, विनंती बँकेपर्यंत गेली, बँकेने पैसे कापले, आणि होकार परत येताना वाटेत अडकला. गेटवे गप्प. आमच्याकडे तेव्हा असं दिसतं:

```
order_id : KND-1047
attempt 1 : PENDING
attempt 2 : CHARGED
```

ऑर्डर एकच, प्रयत्न दोन. पहिल्यासमोर `PENDING` आहे, `FAILED` नाही. तुमच्या यंत्रणेने ठरलेले काही सेकंद वाट पाहिली आणि `PENDING` लाच फसला असं धरून दुसरा प्रयत्न सुरू केला असणार. त्यासाठी बाईंना दुसरा ओटीपी द्यावा लागला असेल, कारण पहिला ओटीपी त्या पहिल्या प्रयत्नापुरताच असतो, तो दुसऱ्या गेटवेला चालत नाही. विचारून बघा.

अनगोळची

विचारलं. तंतोतंत तसंच. दुसरा ओटीपी त्यांनी दिला, कारण पडद्यावर ‘अयशस्वी’ लिहिलेलं होतं. म्हणजे माझ्या शब्दावर विश्वास ठेवून दिला. पहिल्या गेटवेचा होकार अकरा मिनिटांनी आला. दुकानाने एक भरणा परत केलाय, पण मला फार वाईट वाटलं.

लोंढा जंक्शन

वडील लोंढ्याला सांधेवाले होते. गोव्याकडची गाडी आणि हुबळीकडची गाडी तिथं फुटते. रेल्वेतला शब्द ‘सांधा बदलणे’. वडील सांगायचे, सांधा गाडी यायच्या आधी बदलायचा. इंजिन सांध्यावरून पुढं गेलं आणि मागचे डबे यायचे असताना बदलला तर अर्धी गाडी एका रुळावर आणि अर्धी दुसऱ्यावर. खानापूरकर म्हणतात तो ओटीपी म्हणजे इंजिन सांध्यावर आलं असं समजा. त्याच्या आधी ‘सांधा बदलला’ म्हणा, त्याच्यानंतर तो शब्द वापरू नका.

निपाणीचा दिवाणजी

तंबाखूच्या पेढीवर मी एकतीस वर्षं लिहिणावळ केली. माझ्या आधीच्या दिवाणजींकडून हुंडीचे, म्हणजे परगावच्या सावकाराने पैसे द्यावेत म्हणून लिहिलेल्या चिठ्ठीचे, शब्द कानावर पडले, त्यातले दोन इथं उपयोगी पडतील.

ज्याच्यावर हुंडी लिहिली त्याने ती नाकारली तर काय करायचं, याची तजवीज असायची. हुंडीसोबत ‘जिकरी चिठ्ठी’ द्यायचे. त्याच गावातल्या दुसऱ्या सावकाराच्या नावाने ती असायची: अमक्याने हुंडी सकारली नाही तर आमच्या वतीने तुम्ही सकारावी. हाच तुमचा दुसरा गेटवे. पण ती चिठ्ठी कधी दाखवायची? पहिल्याने नाकारल्यावर. तो परगावी गेलाय, उद्या येईल, असं असताना नव्हे.

आणि हुंडी वाटेत गहाळ झाली तर ‘पेठ’ लिहून द्यायचे, म्हणजे तिची दुसरी प्रत. तीही हरवली तर ‘परपेठ’. पेठेत मूळ हुंडीचा उल्लेख असायचा, म्हणजे मूळ हुंडी आधीच चुकती झाली असेल तर पेठेवर पैसे द्यायचे नाहीत. ‘नाकारली’ आणि ‘गहाळ झाली’ यांना पेढीवर वेगळे कागद होते. तुमच्या पडद्यावर दोन्हींना एकच ‘अयशस्वी’ आहे, हे मला खटकतं.

खानापूरकर

दिवाणजी, हे मी पहिल्यांदाच ऐकतोय आणि थक्क झालोय. पेठेतली अट आम्ही अगदी तशीच पाळतो: दुसरा प्रयत्न त्याच `order_id` खाली नोंदवायचा, आणि पहिल्याचा होकार उशिरा आला तर दोनपैकी एक रक्कम आपोआप परत करायची. पण त्याआधी पहिल्या गेटवेला ‘काय झालं’ असं विचारून पाहायचं. तुमच्या कंपनीने हे विचारणंच गाळलेलं दिसतं, ताई.

चिकोडी मेल

माझ्या मुलाच्या परीक्षेची फी दोनदा गेली होती. कोणी दाद देईना. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, एका दिवसात परत दिले नाहीत तर दिवसाला 100 रुपये दंड. ताईंनी पुण्याच्या बाईंना तो मागायला सांगावं.

खानापूरकर

100 रुपयांचं बरोबर आहे, एका दिवसाचं नाही. सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकात दुकानाच्या भरण्याला, म्हणजे खात्यातून कापले पण दुकानाला होकार पोचला नाही अशा वेळी, व्यवहाराचा दिवस सोडून पाच दिवस आहेत. एक दिवसाची मुदत यूपीआयवर माणसाने माणसाला पाठवलेल्या पैशांना आहे. शिवाय इथं होकार पोचला, उशिरा का होईना. म्हणजे हा दुसरा भरणा दुकानानेच परत करायचा, आणि त्यांनी तो केला.

शुद्धमराठी

मूळ प्रश्न शब्दाचा होता. ‘रूटिंग’ तसंच ठेवायचं का मग?

टिळकवाडी

ठेवा की. आणि त्यातलं ‘स्मार्ट’ नक्की काय असतं? पहिलं बंद म्हणून दुसऱ्याला जाणं हे कोणालाही सुचतं.

खानापूरकर

शहाणपण आधी निवडण्यात आहे. समजा गेल्या दहा मिनिटांत एका बँकेच्या कार्डांचे शंभर भरणे पहिल्या गेटवेतून गेले आणि चाळीसच पार पडले, दुसऱ्यातून मात्र पंच्याऐंशी. मग त्या बँकेचं पुढचं कार्ड पहिल्यापासूनच दुसऱ्याकडे जातं, फसायची वाट पाहत नाही. तरी थोडे भरणे मुद्दाम पहिल्याकडे सोडतात, नाहीतर तो सुधारला हे कळणार कसं?

पाणंद

तुंबलेल्या सरीतही आम्ही बारीक धार चालू ठेवतो. खाली पाणी निघालं की कळतं, मोकळी झाली.

अनगोळची

आता दोन ओळी करतेय. ओटीपीच्या आधी अडलं तर: ‘भरणा दुसऱ्या गेटवेतून पाठवत आहोत.’ ओटीपीनंतर उत्तर आलं नाही तर: ‘बँकेचे उत्तर अजून आलेले नाही. पैसे कापले गेले असण्याची शक्यता आहे. कृपया लगेच पुन्हा भरू नका.’ आणि तिथं दुसरा ओटीपी मागू नका, असं मी लेखी कळवलंय. मालकांना दुसरी ओळ नको आहे, ग्राहक घाबरून निघून जाईल म्हणतात. ती मी काढणार नाही, असं मी त्यांना सांगितलं.

निपाणीचा दिवाणजी

काढू नका. फक्त ‘शक्यता आहे’च्या जागी ‘गेले असतील’ लिहा. पेढीवर माणसाला सरळ सांगत होतो.

लोंढा जंक्शन

‘गेले असतील’ म्हटलं की लोक ‘गेलेच’ असं वाचतात. ‘शक्यता’च राहू दे.

पाणंद

आणि शुद्धमराठी, हुक्केरीच्या माझ्या मामाला विचारलं. त्यांच्याकडे कन्नडच बोलतात आणि उसाला पाणी देताना ‘दारि’ म्हणतात.

शुद्धमराठी

मग तो शब्द त्यांनी आपल्याकडून घेतला असेल.